‘करण्यात येत आहे’ कसे काढावे: सोसायटीच्या नव्या सचिवासाठी सूचना लिहिण्याची पद्धत

सोसायटीचे सचिवपद हाती आले की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच एखादी सूचना लिहावी लागते. पाणी बंद राहणार असते, लिफ्ट बिघडलेली असते, नाहीतर सभा बोलवायची असते. नवा सचिव जुनी फाइल उघडतो, मागच्यांची एखादी सूचना समोर ठेवतो आणि तिच्याच वळणावर नवी लिहितो. अशी तीच वाक्ये वर्षानुवर्षे फलकावर लागत राहतात:

‘लिफ्टच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आलेले असल्याने लिफ्टचा वापर करण्यात येऊ नये.’

तळमजल्यावर पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे पूर्ण वाचावे लागते, कारण त्याच्या कामाचा शब्द अगदी शेवटी आहे. तेच असे लिहिता येते:

‘लिफ्टची दुरुस्ती चालू आहे. वापरू नका.’

बारा शब्दांचे सहा झाले आणि अर्थ तसूभरही कमी झाला नाही. पहिल्या वाक्यात खरी क्रिया ‘वापर’ या नामात अडकली होती. नामाला स्वतःला चालता येत नाही, म्हणून ‘करणे’ आणि ‘येणे’ ही दोन क्रियापदे त्याला ओढत होती. ‘वापरू नका’ म्हटल्यावर ओढणाऱ्यांची गरज संपली. ‘दुरुस्ती’ हे नाम मात्र तसेच ठेवले आहे, कारण ‘दुरुस्ती चालू आहे’ असे आपण रोज बोलतो. सगळी नामे हाकलायची नाहीत. क्रियापदाची जागा अडवून बसलेली तेवढी उठवायची.

हे वळण आले कुठून, तेही थोडक्यात सांगतो. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले आणि 1964 साली राजभाषा अधिनियम आला. इंग्रजीत चाललेला कारभार मराठीत आणायचा होता. इंग्रजी आदेशांतली कर्ता न सांगणारी वाक्ये मराठीत उतरवताना ‘करण्यात येत आहे’ हा साचा रुळला. सरकारी आदेशात त्याला काही कारण असते. पाण्याच्या टाकीच्या सूचनेत ते नसते.

हाताशी काय लागेल

- गेल्या वर्षभरातल्या तीन-चार सूचना, ओळींमध्ये दुप्पट जागा सोडून छापलेल्या
- दोन रंगांची पेने (पुढे निळे आणि लाल धरले आहे)
- संस्थेचे उपविधी आणि मागच्या सभेचे इतिवृत्त. कोणते शब्द हलवायचे नाहीत ते यांतून कळते
- सूचना आधी न पाहिलेला एक माणूस, शेवटच्या पायरीसाठी

1. आधी रेघा मारा, खोडाखोड नंतर

जुनी सूचना घ्या. ज्या नामात एखादी कृती दडली आहे त्याखाली निळी रेघ मारा. ओळखायची खूण सोपी आहे: त्या शब्दापुढे ‘केली’ किंवा ‘झाली’ लावून पाहा. ‘तपासणी केली’ चालते, ‘टाकी केली’ चालत नाही. म्हणून तपासणी निळी, टाकी मोकळी. ही नामे बहुधा ठरावीक शेवटांची असतात. तपासणी, आकारणी, फवारणी यांच्या शेवटी ‘णी’ येते, साठवणूक आणि नेमणूक यांच्या शेवटी ‘णूक’, साफसफाई आणि धुलाई यांच्या शेवटी ‘ई’. नियोजन, आयोजन, अवलोकन ही संस्कृत वळणाची ‘न’ वर संपतात.

मग करणे, होणे, घेणे, देणे, येणे यांच्या सगळ्या रूपांखाली लाल रेघ मारा. ‘करण्यात येत आहे’ असेल तर तिन्ही शब्दांखाली मारा. जिथे निळ्यामागोमाग लाल येते तिथे वाक्य बदलायला जागा आहे. नुसते निळे किंवा नुसते लाल असेल तर बहुतेक वेळा हात लावावा लागत नाही.

या पायरीवर काहीही खोडू नका. वाचता वाचता खोडत गेलात तर वाक्यातली दुसरी अडचण पहिलीमागे लपते, आणि अर्धवट सुधारलेले वाक्य मूळ वाक्याहून वाईट होते.

2. नामातले क्रियापद बाहेर काढा

निळ्या शब्दांचे तीन गट पडतात. कोणता शब्द कोणत्या गटात आहे हे कळले की निम्मे काम झाले.

पहिला गट सरळ. इथे नाम मुळात क्रियापदापासूनच झालेले असते, ते फक्त उलटे फिरवायचे. तपासणी करणे म्हणजे तपासणे, निवड करणे म्हणजे निवडणे, साठवणूक करणे म्हणजे साठवणे. तसेच फवारणी करणे – फवारणे, वाटप करणे – वाटणे, वापर करणे – वापरणे, भरणा करणे – भरणे, स्वीकार करणे – स्वीकारणे.

आधी: डासांच्या प्रतिबंधासाठी इमारतीच्या आवारात औषधाची फवारणी करण्यात येणार आहे.
नंतर: डास कमी व्हावेत म्हणून आवारात औषध फवारणार आहोत.

दुसऱ्या गटातल्या नामाचे थेट क्रियापद मराठीत रोजच्या वापरात नसते, म्हणून तोंडातले वेगळे क्रियापद शोधावे लागते. ‘नियोजन करणे’ याला ‘ठरवणे’. ‘सभेचे आयोजन करणे’ याला ‘सभा घेणे’ किंवा ‘सभा ठेवणे’. ‘उपस्थिती दर्शवणे’ याला ‘येणे’ किंवा ‘हजर राहणे’. ‘अंमलबजावणी करणे’ याला ‘अमलात आणणे’, आणि त्याहून बरे म्हणजे प्रत्यक्ष काय करायचे ते सांगणे. ‘निदर्शनास येणे’ याला ‘दिसणे’ किंवा ‘आढळणे’. इथे नवखे लोक हमखास ‘नियोजित करणे’, ‘आयोजित करणे’ असे लिहितात. त्याने काही साधत नाही. नामाच्या जागी विशेषण बसते, ‘करणे’ तसेच राहते आणि वाक्य तेवढेच लांब उरते.

आधी: काही सभासदांकडून पार्किंगच्या जागेत वाहनांची धुलाई करण्यात येत असल्याचे निदर्शनास आले आहे.
नंतर: काही सभासद पार्किंगमध्ये गाड्या धुतात.

‘निदर्शनास आले आहे’ हे इथे शब्द बदलूनही ठेवलेले नाही, पूर्ण काढले आहे. फलकावर लिहिले म्हणजे दिसलेच असणार. ते दिसले की नाही यावरच वाद असेल, तर मात्र ‘सुरक्षारक्षकाने दोनदा पाहिले’ असे नेमके लिहा.

तिसऱ्या गटातली नामे तशीच ठेवायची. चर्चा करणे, विचार करणे, मदत करणे, विनंती करणे ही बोलण्यातही अशीच येतात. त्यांना मोडायला गेलात तर वाक्य कृत्रिम होते. ‘सभेने विचारले’ आणि ‘सभेने विचार केला’ यांत तर प्रश्न आणि चिंतन इतके अंतर आहे.

आता या पायरीवरचा सगळ्यात मोठा खड्डा. काही जोड्या सारख्या दिसतात, पण सारख्या नसतात. ‘पंपात बदल केला’ म्हणजे त्याच पंपात काहीतरी वेगळे बसवले. ‘पंप बदलला’ म्हणजे जुना काढून नवा आणला. दोन्हींच्या बिलात मोठा फरक पडतो, आणि हिशेब पाहणारा सभासद नेमका तिथेच बोट ठेवतो. ‘नियमात बदल केला’ आणि ‘नियम बदलला’ यांचेही तसेच. इतिवृत्तात ‘सभेने पत्राची नोंद घेतली’ म्हणजे सभेने ते पत्र लक्षात घेतले, त्यावर निर्णय केला नाही. ते आखूड करायच्या नादात ‘सभेने पत्र नोंदवले’ लिहिले तर अर्थ आवक-नोंदवहीचा होतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर जुने आणि नवे वाक्य शेजारी ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: यावरून कोणी वेगळे काम करेल का, वेगळे पैसे भरेल का? उत्तर ‘हो’ असेल तर नाम परत ठेवा.

3. ‘ण्यात’ दिसले की कर्ता शोधा

‘करण्यात येईल’, ‘ठेवण्यात आले’, ‘घेण्यात येऊ नये’ या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. काम कोण करणार हे वाक्य सांगत नाही. क्रियापद मोकळे करायला गेलात की ते लगेच विचारते, कोण? त्याचे उत्तर तुमच्याकडे नसेल तर भाषा सुधारून भागणार नाही. आधी ते समितीला विचारा, मग लिहा.

आधी: देखभाल शुल्कात वाढ करण्यात आली आहे.
चुकीची दुरुस्ती: देखभाल शुल्क वाढले आहे.
बरोबर: 14 तारखेच्या सर्वसाधारण सभेने देखभाल शुल्क दरमहा 300 रुपयांनी वाढवले.

मधले वाक्य सर्वांत आखूड आहे, तरी ते टाळा. ‘वाढ होणे’ म्हणजे वाढणे आणि ‘वाढ करणे’ म्हणजे वाढवणे. शुल्क पावसाळ्यातल्या गवतासारखे आपसूक वाढत नाही, ते कोणीतरी वाढवते. सभासदाला कोणी, कधी आणि किती हे तिन्ही कळले पाहिजे. इथे शब्द वाढले तरी चालतील.

कर्ता सापडला की पुढची अडचण व्याकरणाची. मराठीत कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ केव्हा लागतो हे बोलताना कोणी चुकत नाही, पण वाक्य उलटेपालटे करताना हमखास चुकते. ‘समितीमार्फत टाकीची तपासणी करण्यात येईल’ हे बदलताना घाईत ‘समितीने टाकी तपासणार आहे’ असे उतरते. भूतकाळात ‘समितीने टाकी तपासली’, भविष्यकाळात ‘समिती टाकी तपासणार आहे’ किंवा ‘समिती टाकी तपासेल’. ‘-आवे’ रूपाबरोबर पुन्हा ‘नी’ येतो: ‘सभासदांनी पाणी भरून ठेवावे’.

भूतकाळात आणखी एक सांभाळायचे असते. ‘करण्यात आली’ मधले ‘आली’ हे ‘तपासणी’ या स्त्रीलिंगी शब्दावरून आले होते. तपासणी गेली की क्रियापद ज्या वस्तूचे काम झाले तिच्या लिंगावर जाते:

- टाकीची तपासणी करण्यात आली – टाकी तपासली
- पंपाची तपासणी करण्यात आली – पंप तपासला
- कुलपांची तपासणी करण्यात आली – कुलपे तपासली
- पाइपांची तपासणी करण्यात आली – पाइप तपासले

वस्तू अनेक आणि लिंगे वेगवेगळी असतील तर ‘पंप, टाकी आणि पाइप तपासला की तपासली’ असा घोळ होतो. तिथे ‘पंप, टाकी, पाइप हे सगळे तपासले’ असे लिहा, म्हणजे ‘हे सगळे’ भार उचलते. माणसाला ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात राहते: ‘समितीने कंत्राटदाराला बोलावले’, कंत्राटदार पुरुष असो वा बाई.

कर्ता ‘आम्ही’ म्हणावा की ‘आपण’? मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, त्याचा फायदा घ्या. ‘आम्ही टाकी धुऊन घेणार आहोत’ म्हटले की समिती एका बाजूला आणि वाचणारा दुसऱ्या बाजूला उभा राहतो. ‘आपण टाकी धुऊन घेणार आहोत’ यात वाचणाराही येतो. खर्च सर्वांचा असेल तिथे ‘आपण’ लिहा. जबाबदारी समितीची असेल तिथे ‘समिती’ असे स्पष्ट लिहा.

‘करा’ म्हटले तर ज्येष्ठ सभासदांना उद्धट वाटेल, ही शंका रास्त आहे. त्यासाठी ‘करण्यात यावे’ पर्यंत जायची गरज नाही. ‘पाणी भरून ठेवा’, ‘पाणी भरून ठेवावे’ आणि ‘कृपया पाणी भरून ठेवा’ ही तिन्ही आखूड आहेत, तिन्हींत क्रियापद मोकळे आहे. एका सूचनेत मात्र एकच रूप धरा. वर ‘ठेवावे’ आणि खाली ‘करा’ असे झाले की दोन जणांनी लिहिल्यासारखे वाटते.

4. ‘च्या’ची साखळी मधून तोडा

इतिवृत्तात असे एखादे वाक्य सापडेलच:

‘इमारतीच्या मागील बाजूच्या भिंतीच्या गळतीच्या दुरुस्तीच्या कामाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाच्या मंजुरीबाबत चर्चा करण्यात आली.’

आठ ‘च्या’ एकापुढे एक. ती एकेक करून कमी करायला गेलात तर दोन तास जातात. त्याऐवजी साखळीतले शब्द दोन ढिगांत टाका. भिंत, खर्च, अंदाजपत्रक या वस्तू आहेत, त्या नामेच राहतील. गळती, दुरुस्ती, मंजुरी या कृती आहेत, त्यांना एकेक क्रियापद द्या. ‘काम’ आणि ‘बाजू’ कोणत्याच ढिगात टाकायची गरज नसते, ती भरताड आहे. मग प्रत्येक कृतीला विचारा, ही कोणाची?

भिंत गळते. ती दुरुस्त करायची आहे. अंदाजपत्रक मंजूर करायचे आहे. हे तीन तुकडे हाताशी आले की जोडणे अवघड नाही:

‘इमारतीची मागची भिंत गळते. ती दुरुस्त करायला येणाऱ्या खर्चाचे अंदाजपत्रक मंजूर करायचे का, यावर चर्चा झाली.’

मोजून पाहा. आधी तेरा शब्द होते, आता सोळा आहेत. तरीही हेच ठेवा. वाक्ये दोन झाली, आणि पहिल्या चार शब्दांतच वाचणाऱ्याला अडचण काय आहे ते कळले. शब्दांचा आकडा हे साधन आहे, तो कमी झालाच पाहिजे असे नाही.

याच उदाहरणात आणखी एक सापळा आहे. मूळ वाक्यात ‘मंजुरीबाबत चर्चा’ झाली, मंजुरी झाली नाही. साखळी सोडवताना ‘सभेने अंदाजपत्रक मंजूर केले’ असे लिहिणे फार सोपे जाते, कारण ते वाक्य सुटसुटीत आहे. पण ते खोटे आहे, आणि इतिवृत्तात असे वाक्य गेले तर कंत्राटदार त्याच्या जोरावर पैसे मागू शकतो. नामात अर्थ धूसर ठेवता येतो, क्रियापदात येत नाही. म्हणून क्रियापद लिहिताना घडले तेवढेच लिहा.

5. पूर्ण सूचना, ओळ ओळ करून

आता एक अख्खी सूचना घेऊ. फायलीत अशी असते:

‘सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की, इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या साफसफाईचे काम करण्याचे नियोजन करण्यात आलेले असून सदर कामाच्या अनुषंगाने रविवार दिनांक 12 रोजी सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळेत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे. तरी सभासदांनी आवश्यक त्या पाण्याची साठवणूक करून ठेवण्याची दक्षता घ्यावी. तसेच साफसफाईनंतर पाणीपुरवठा पूर्ववत सुरू करण्यात आल्यानंतर सुरुवातीच्या पाण्याचा वापर पिण्यासाठी करण्यात येऊ नये.’

साठ शब्द, तीन वाक्ये. पहिले वाक्यच छत्तीस शब्दांचे.

सुरुवात ‘सूचित करण्यात येते की’ पासून. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘सूचना’ लिहिलेले आहे, खाली सचिवाची सही आहे. ते पाच-सहा शब्द दोन्हींपैकी काहीच वाढवत नाहीत, म्हणून गेले.

‘साफसफाईचे काम करण्याचे नियोजन करण्यात आलेले असून’ यात निळ्या रेघा तीन आहेत: साफसफाई, काम, नियोजन. खरी कृती एकच, टाकी धुणे. नियोजनासाठी वेगळा शब्द लागत नाही, कारण ‘धुणार आहोत’ या भविष्यकाळातच ठरल्याचे येते. टाकी समितीची माणसे धुणार नाहीत, बाहेरचे लोक धुतील, म्हणून ‘धुऊन घेणार आहोत’. मराठीतले हे ‘घेणे’ एका शब्दात सांगते की काम दुसऱ्याकडून करवायचे आहे.

‘सदर कामाच्या अनुषंगाने’ हा जोड आहे. दोन वाक्ये शेजारी ठेवली की तो आपोआप कळतो. टाकी धुणार आणि पाणी बंद राहणार, यांचा संबंध कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे’ याचे ‘पाणी बंद राहील’. इथे कर्ता मुद्दाम दिला नाही. व्हॉल्व्ह कोण बंद करणार याच्याशी वाचणाऱ्याला देणेघेणे नाही, त्याला पाणी येणार की नाही एवढेच हवे. शुल्कवाढीच्या वाक्यात कर्ता हवा होता, इथे नको. ज्याच्याकडे जाब विचारावा लागेल असा कोणी असेल तर त्याचे नाव हवे, एरवी नाही.

‘साठवणूक करून ठेवण्याची दक्षता घ्यावी’ यात एका कृतीला तीन पांघरुणे आहेत. आतले ‘भरून ठेवा’ तेवढे घ्या.

शेवटच्या वाक्यात ‘सुरुवातीच्या पाण्याचा वापर पिण्यासाठी करण्यात येऊ नये’ असे आहे. हे ‘सुरुवातीचे पाणी पिऊ नका’ असे केले की लगेच प्रश्न उभा राहतो: सुरुवातीचे म्हणजे किती? एक तांब्या की अर्धा तास? नामांच्या गर्दीत हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. टाकी धुणाऱ्याला विचारा, तो सांगेल ते लिहा. इथे दोन बादल्या धरल्या आहेत.

नवी सूचना:

‘रविवारी, 12 तारखेला, आपण गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घेणार आहोत. सकाळी 9 ते दुपारी 3 पाणी बंद राहील. लागेल तेवढे पाणी आधी भरून ठेवा. पाणी परत आल्यावर पहिल्या दोन बादल्या पिण्यासाठी वापरू नका.’

तेहतीस शब्द, चार वाक्ये, सर्वांत लांब वाक्य दहा शब्दांचे. आता फलकाची जागा वाचली आहे, तर वेळेची ओळ मोठ्या अक्षरांत छापा.

6. हात लावायचा नाही असे मजकूर

ठरावाचा मजकूर, सूचक-अनुमोदकांच्या ओळी, ‘सर्वानुमते मंजूर’ किंवा ‘बहुमताने मंजूर’ हे शब्द तसेच ठेवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 आणि उपविधी यांतून आलेल्या शब्दांना ठरलेला अर्थ असतो. थकबाकीदाराला पाठवायच्या पत्रात किंवा निबंधक कार्यालयात द्यायच्या अर्जात कलमाची भाषा जशी आहे तशी उतरवा. ‘लेखापरीक्षण’ या शब्दाचे ‘हिशेब तपासणे’ करू नका. हिशेब खजिनदारही तपासतो, लेखापरीक्षण ठरलेला लेखापरीक्षकच करतो. ‘चौकशी’ चेही तसेच: ‘समितीने चौकशी केली’ आणि ‘समितीने विचारले’ यांत वजनाचा फरक आहे.

अशा पत्रात कायद्याची ओळ तशीच ठेवून तिच्याखाली साध्या भाषेत एक ओळ द्या. ‘म्हणजे 31 तारखेपर्यंत थकबाकी भरा, नाहीतर त्यावर व्याज लावू.’ दोन्हींचे काम वेगळे आहे, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

7. फलकावर लावण्यापूर्वी

संगणकावर मजकूर उघडा, `Ctrl+F` दाबा आणि `ण्यात` शोधा. करण्यात, ठेवण्यात, घेण्यात ही सगळी एकदम सापडतात. ‘येण्यात अडचण’ असे निर्दोषही काही सापडतील, ते सोडा. नंतर `बाबत`, `अनुषंगाने` आणि `च्या दृष्टीने` शोधा. एकही सापडले नाही आणि तुम्हाला समोर दिसत तर आहे, असे झाले तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. अशा फायलीत पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे असतात, म्हणून शोध चालत नाही. ती सूचना युनिकोडमध्ये पुन्हा टंका. नाहीतर व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावरही सभासदांना अगम्य अक्षरेच दिसतील.

मग ज्याने सूचना पाहिलेली नाही त्याला ती फोनवर एकदा वाचून दाखवा. पुन्हा वाचू नका, समजावू नका. ‘तू काय करशील?’ एवढेच विचारा. ‘रविवारी सकाळी नऊच्या आत पाणी भरीन’ असे उत्तर आले तर कागद फलकावर लावा. ‘टाकीचे काहीतरी काम आहे वाटते’ असे आले तर ज्या वाक्याशी तो अडला त्याखाली पुन्हा निळी आणि लाल रेघ मारा.